क्रिएटिनचे ट्रायल: 'डबल ब्लाइंड' लिहिलेलं असतं, पण लोडिंगच्या आठवड्यानंतर किती जण खरंच ब्लाइंड राहतात?

मृण्मयी

ताकद वाढावी म्हणून व्यायाम करणारे जी क्रिएटिनची पावडर घेतात, तिच्यावरचे मूळ शोधनिबंध वाचताना एक गोष्ट मला सारखी अडते आहे. इथे व्यायाम करणारे, शिकवणारे आणि आकडेवारीतले जाणकार असे सगळेच आहेत, म्हणून धागा काढते आहे.

क्रिएटिन स्नायूत पोचतं याबद्दल मला शंका नाही. १९९२ साली हॅरिस, सॉडरलुंड आणि हल्टमन यांनी मांडीच्या स्नायूचे तुकडे काढून ते दाखवलंय. स्नायूच्या तुकड्यातला आकडा मनाने वाढत नाही. माझी अडचण त्याच्या पुढच्या पायरीवर आहे. "क्रिएटिन गटाने जास्त वजन उचललं, प्लासिबो गटाने, म्हणजे तशीच दिसणारी पण क्रिएटिन नसलेली पावडर घेणाऱ्यांनी, कमी" असं जेव्हा लिहितात, तेव्हा त्या फरकातला किती भाग क्रिएटिनचा आणि किती भाग "मला खरी पावडर मिळाली आहे" या खात्रीचा?

प्रयोगाची नेहमीची पद्धत अशी. पहिले पाच ते सात दिवस रोज २० ग्रॅम, चार भागांत. याला लोडिंग म्हणतात. मग रोज ३ ते ५ ग्रॅम आणि सोबत आठ-दहा आठवडे वजनाचा व्यायाम. सुरुवातीला आणि शेवटी बेंच प्रेस किंवा स्क्वॉटमध्ये एका वेळी जास्तीत जास्त किती उचलता येतं ते मोजतात. आता लोडिंगच्या आठवड्यात पाणी साठून अनेकांचं वजन किलोभर वाढतं, काहींचं त्याहून जास्त. व्यायामशाळेत येणारा माणूस वजनकाट्यावर उभा राहतोच, आणि क्रिएटिनने पाणी साठतं हे त्याला आधीपासून माहीत असतं. सातव्या दिवशी काटा किलोभर पुढे गेलेला दिसला की त्याला कळायचं ते कळलं! ज्याचा काटा हलला नाही त्यालाही कळलं. खरा व्यायाम तर त्यानंतर सुरू होतो.

'डबल ब्लाइंड' म्हणजे कोणाला काय मिळालं हे घेणाऱ्यालाही माहीत नाही आणि चाचणी घेणाऱ्यालाही नाही. मग पुढच्या दोन महिन्यांच्या निकालाला 'डबल ब्लाइंड' म्हणायचं का?

---

रोहित८७

मुद्दा बरोबर आहे, उलट तुम्ही फार सौम्य शब्दांत मांडलाय. २००३ सालचा रॉसन आणि व्होलेक यांचा आढावा बघा. २२ अभ्यास एकत्र केलेत. क्रिएटिन गटाची ताकद सरासरी २० टक्क्यांनी वाढली, प्लासिबो गटाची १२ टक्क्यांनी. म्हणजे नुसत्या साध्या पावडरीने १२ टक्के! २० पैकी १२ टक्के प्लासिबो इफेक्ट असेल तर निम्म्याहून जास्त काम मनाचंच झालं. बाकीच्या ८ वर कंपन्यांचा धंदा चाललाय.

---

संख्याव्रती

रोहित, आकडे बरोबर आहेत, पण त्या १२ टक्क्यांना प्लासिबो इफेक्ट म्हणता येणार नाही. प्लासिबो गट नुसता पावडर पिऊन बसला नव्हता, तोही आठवडेच्या आठवडे वजनं उचलत होता. ते १२ टक्के मुख्यतः व्यायामाचे आहेत. शिवाय दुसऱ्यांदा तीच चाचणी देताना माणूस सरावलेला असतो, त्याचाही त्यात वाटा आहे. पावडरीवरच्या विश्वासाने किती भर पडली हे वेगळं काढायचं असेल तर तिसरा गट लागतो: तोच व्यायाम करणारा, पण काहीच न घेणारा. बहुतेक ट्रायलमध्ये तो नसतो, त्यामुळे प्लासिबो इफेक्ट किती होता हे त्या ट्रायलमधून कळतच नाही.

मृण्मयीताईंचा प्रश्न उरलेल्या ८ वर आहे, आणि अडचण तिथेच आहे. विश्वासाचा परिणाम दोन्ही गटांत सारखा असेल तर वजाबाकीत तो निघून जातो. प्लासिबो गट ठेवायचा तो त्यासाठीच. म्हणजे प्लासिबो इफेक्ट मोठा असणं ही स्वतःहून अडचण नव्हे. दोन गटांचा विश्वास *वेगवेगळा* झाला की अडचण सुरू होते, कारण मग विश्वासातला फरक क्रिएटिनच्या खात्यात जमा होतो.

तो फरक किती असू शकतो? क्रिएटिनवर याचं थेट उत्तर देणारा चांगला प्रयोग माझ्या हाताशी नाही, पण कॅफिनवर एक आहे. बीडी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये सायकलपटूंना सांगितलं की तुम्हाला एकदा प्लासिबो, एकदा वजनाच्या प्रत्येक किलोमागे ४.५ मिलिग्रॅम आणि एकदा ९ मिलिग्रॅम कॅफिन देणार. प्रत्यक्षात तिन्ही वेळा प्लासिबोच दिला. आपण प्लासिबो घेतलाय असं वाटलं तेव्हा त्यांची शक्ती नेहमीपेक्षा १.४ टक्क्यांनी घसरली, कमी मात्रा वाटली तेव्हा १.३ टक्क्यांनी वाढली, जास्त मात्रा वाटली तेव्हा ३.१ टक्क्यांनी. प्रयोग लहान होता आणि एका बैठकीतली सायकल म्हणजे दोन महिन्यांचा बेंच प्रेस नव्हे, म्हणून हा आकडा उचलून क्रिएटिनला लावू नका. माझ्या मते त्यातली मोलाची गोष्ट पहिली आहे: "मला खोटं मिळालंय" असं वाटल्यावर माणूस *खाली* गेला. म्हणजे ब्लाइंडिंग फुटलं की क्रिएटिन गट वर जातो एवढंच नाही, प्लासिबो गट खालीही ओढला जाऊ शकतो. दोन्ही गोष्टी फरक फुगवतात.

---

वंदना_क

लेख चांगला आहे, पण मला नेमकं कळलं नाही की घ्यावं की नको. मी वयाच्या ५४व्या वर्षी मुलीच्या सांगण्यावरून रोज ५ ग्रॅम सुरू केलं. जिना चढताना बरं वाटतं. मग नेहमीच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन थोडं जास्त आलं आणि डॉक्टरांनी मूत्रपिंडाची काळजी व्यक्त केली. तेव्हापासून बंद आहे. हा पण प्लासिबो समजायचा का?

---

संख्याव्रती

वंदनाताई, रक्तातलं क्रिएटिनिन हा प्लासिबो नाही. क्रिएटिनचंच रूपांतर होऊन क्रिएटिनिन बनतं, त्यामुळे पावडर घेणाऱ्यांत तो आकडा मूत्रपिंड ठणठणीत असतानाही थोडा वर जाऊ शकतो. पण तुमच्या बाबतीत तसंच आहे हे इथे बसून कुणी सांगू नये. डॉक्टरांना स्पष्ट सांगा की मी क्रिएटिन घेत होते. मग ते काही दिवस बंद ठेवून पुन्हा तपासतील, किंवा सिस्टॅटिन सी नावाची तपासणी करतील, जिच्यावर क्रिएटिन घेतल्याचा तसा परिणाम होत नाही. जिना चढताना बरं वाटलं ते कशामुळे, हे एका माणसाच्या अनुभवावरून कुणालाच ठरवता येणार नाही.

तुमचा अनुभव या धाग्याला मात्र अगदी लागू आहे. ट्रायलमध्येही सुरक्षिततेसाठी रक्त तपासतात. तो अहवाल चाचणी घेणाऱ्याच्या टेबलावर पडला तर कोण कुठल्या गटात आहे हे *त्याला* कळतं. मग "चल, अजून एक! येतंय!" हे ओरडणं दोन्ही गटांना सारख्या जोरात होत नाही. जास्तीत जास्त वजनाच्या चाचणीत त्या ओरडण्यावर शेवटची उचल अवलंबून असते. म्हणून रक्ताचे अहवाल आणि वजनाची नोंद हे दोन्ही चाचणी घेणाऱ्यापासून दूर ठेवायला हवेत. निबंधात हे केलं की नाही एवढं एक वाक्य शोधा. बहुतेकदा सापडत नाही.

---

भास्कर_प्रशिक्षक

मी संशोधक नाही, पण विद्यापीठातल्या अशा एका अभ्यासात मुलांकडून व्यायाम करून घेण्याचं काम माझ्याकडे होतं, म्हणून जवळून पाहिलेलं सांगतो. वजनापर्यंत जायचीही गरज नाही, पेल्यातच कळतं.

क्रिएटिन मोनोहायड्रेट थंड पाण्यात नीट विरघळत नाही. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण १४ ग्रॅम विरघळतं. म्हणजे २५० मिलीच्या पेल्यात फार तर साडेतीन ग्रॅम. ५ ग्रॅम टाकलं की दीड ग्रॅम तळाला बसतं. कितीही ढवळा, शेवटच्या घोटाला दाताखाली बारीक वाळूसारखं लागतं. प्लासिबो म्हणून बहुधा माल्टोडेक्स्ट्रिन देतात. ते पूर्ण विरघळतं, किंचित गोड लागतं आणि तळाला काही राहत नाही. मुलं शेजारी शेजारी उभी राहून पीत होती. तिसऱ्या दिवशी एकाने दुसऱ्याचा पेला उजेडाकडे धरून बघितला आणि विषय संपला. कोणाला काय मिळालं याची यादी मुलांनीच तयार केली. ती खरी होती की नाही मला माहीत नाही, कारण कोड मलाही सांगितला नव्हता. पण मुलांचा तिच्यावर पूर्ण विश्वास होता.

निबंधात मात्र "दिसायला आणि चवीला सारखी पावडर" असंच लिहिलं गेलं.

---

मृण्मयी

भास्करसर, हे फार महत्त्वाचं आहे. यादी खोटी असली तरी तिच्यावरचा विश्वास खरा होता, आणि परिणाम विश्वासाचा होतो! हे टाळायचं कसं? कॅप्सूल?

---

भास्कर_प्रशिक्षक

कॅप्सूलने चव आणि गाळ जातो, पण हिशोब करा. एका कॅप्सूलमध्ये ७५० मिलिग्रॅम धरलं तर २० ग्रॅमला रोज २७ कॅप्सूल गिळायच्या. मुलं चार दिवसांत कंटाळतात आणि मग खोटं सांगतात की घेतल्या. कोमट पाण्यात, जास्त पाण्यात, तीव्र चवीच्या पेयात आधीच विरघळवून अपारदर्शक बाटलीतून द्यायचं, आणि प्रत्येकाने एकटं बसून प्यायचं, हे जास्त जमण्यासारखं आहे. पण पोट बिघडतं ते कसं लपवणार? एका वेळी ५ ग्रॅमच्या वर गेलं की काहींना जुलाब होतात. त्यांना कळतंच.

---

ईशान_म

पोटावरून आठवलं. क्रिएटिन आणि मेंदू यावरचा २०२३ चा सँडक्यूलर यांचा अभ्यास मोठा आणि नीट आखलेला आहे. १२३ लोक, रोज ५ ग्रॅम, सहा आठवडे, लोडिंग नाही. त्यात प्रत्येक माणसाने आळीपाळीने दोन्ही घेतलं. स्मरणशक्ती आणि तर्काच्या चाचण्यांवरचा परिणाम अगदी छोटा, तोही अनिश्चित. पण दुष्परिणामांची नोंद क्रिएटिनच्या काळात प्लासिबोच्या चौपटीहून जास्त! म्हणजे लोडिंग नसतानाही काहींना सुगावा लागण्याची सोय होती.

आणि मला वाटतं आळीपाळीच्या रचनेत हे जास्त बोचतं. फक्त प्लासिबो घेणाऱ्याला तुलनेला काही नसतं, तो म्हणतो असेल असंच. पण ज्याने दोन्ही घेतलंय तो दुसऱ्या टप्प्यात लगेच ओळखतो की आधीचं वेगळं होतं.

---

संख्याव्रती

ईशान, सहमत. आळीपाळीने द्यायची पद्धत आकडेवारीच्या दृष्टीने फायद्याची असते, कारण माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच होते. पण क्रिएटिनसाठी ती दोनदा महाग पडते. तुम्ही म्हणता ते एक, आणि दुसरं म्हणजे स्नायूतलं वाढलेलं क्रिएटिन मूळ पातळीवर यायला चार ते सहा आठवडे लागतात. मध्ये तेवढी विश्रांती नसेल तर दुसऱ्या टप्प्यातला 'प्लासिबो' पूर्ण प्लासिबो नसतोच.

आता "ब्लाइंडिंग टिकलं का" हे तपासायचं कसं, ते एका काल्पनिक उदाहरणाने सांगतो. आकडे माझे बनवलेले आहेत.

दोन गट, प्रत्येकी २० जण. शेवटी विचारलं, तुम्हाला काय मिळालं असं वाटतं? क्रिएटिन गटात १४ जण म्हणाले क्रिएटिन, २ म्हणाले प्लासिबो, ४ म्हणाले माहीत नाही. बँग निर्देशांक असा काढतात: बरोबर ओळखणारे वजा चुकीचं ओळखणारे, भागिले गटातले सगळे. १४ वजा २ म्हणजे १२, भागिले २०, उत्तर ०.६. शून्य म्हणजे निव्वळ अंदाज, १ म्हणजे सगळ्यांना कळलं. ०.६ बघून कुणीही म्हणेल, ब्लाइंडिंग गेलं.

थांबा. आता प्लासिबो गट बघू. समजा तिथे १३ जणांनी प्लासिबो ओळखलं, ३ जणांना क्रिएटिन वाटलं. निर्देशांक ०.५. हे खरंच वाईट. दोन्ही गटांना कळलंय आणि विश्वास उलट दिशांना गेलाय. पण समजा तिथेही १४ जणांना क्रिएटिन मिळालं असं वाटलं आणि फक्त २ जणांनी प्लासिबो ओळखलं. मग निर्देशांक उणे ०.६. क्रिएटिन गटाचा आकडा तोच आहे, पण चित्र पूर्ण वेगळं: सगळे आशेवर आहेत, विश्वास दोन्हीकडे सारखा आहे आणि वजाबाकी बऱ्यापैकी प्रामाणिक आहे. म्हणून "क्रिएटिन गटातल्या ७० टक्के लोकांनी बरोबर ओळखलं" एवढंच वाक्य निबंधात असेल तर त्यावरून काहीही ठरत नाही. दोन्ही गटांची उत्तरं वेगवेगळी दिलेली हवीत.

---

रोहित८७

म्हणजे प्रत्येक ट्रायलने शेवटी हा प्रश्न विचारला आणि दोन्ही गटांचे आकडे छापले की काम झालं. एवढं सोपं असताना करत का नाहीत? ट्रायलच्या निबंधात काय काय लिहायचं याची CONSORT सारखी नियमावली आहे ना, ती सक्ती का करत नाही?

---

संख्याव्रती

CONSORT च्या २००१ च्या यादीत हे होतं. ब्लाइंडिंग यशस्वी झालं का ते कसं तपासलं, हे लिहायला सांगितलं होतं. २०१० च्या आवृत्तीत ते काढून टाकलं, आणि कारण पटण्यासारखं आहे.

शेवटच्या दिवशी विचारलेल्या उत्तरात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एकाने पावडर ओळखली म्हणून जोर लावला आणि त्याचा बेंच प्रेस वाढला. दुसऱ्याने काहीच ओळखलं नव्हतं, पण क्रिएटिनने खरंच काम केलं, बेंच प्रेस ७० वरून ८५ किलोवर गेला, आणि मग तो म्हणाला, मला क्रिएटिनच मिळालं असणार. दोघांचं उत्तर एकच. पहिल्यात ब्लाइंडिंग फुटलंय, दुसऱ्यात औषधाने काम केलंय. जो पदार्थ खरंच परिणाम करतो त्याचा निर्देशांक शेवटी विचारल्यावर खराब येणारच.

म्हणून माझं मत असं की प्रश्न लोडिंग संपल्यावर, पहिल्या मोठ्या व्यायामाच्या आधी विचारावा, आणि "असं का वाटतं?" हेही विचारावं. "वजन वाढलं", "गाळ लागला", "पोट बिघडलं" अशी उत्तरं आली तर तो सुगावा आहे. "ताकद वाढल्यासारखी वाटली" असं आलं तर सांगता येत नाही.

---

ईशान_म

लवकर विचारण्यात एक धोका दिसतो. ज्याच्या डोक्यात विचार नव्हता त्याच्याही डोक्यात तुम्ही तो घालता.

---

संख्याव्रती

खरं आहे. त्यावर माझ्याकडे चांगला उपाय नाही.

---

रोहित८७

ठीक, पण मग बेंच प्रेस सोडा. स्नायूचं वस्तुमान DXA या क्ष-किरणांच्या यंत्रावर मोजा. यंत्राला कुणी फसवू शकत नाही. न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचा २०२५ चा अभ्यास तसाच आहे. पहिला आठवडा व्यायामाशिवाय रोज ५ ग्रॅम, मग १२ आठवडे व्यायाम. पहिल्या आठवड्यात क्रिएटिन गटाचं चरबीविरहित वजन अर्ध्या किलोने जास्त वाढलं, पण नंतरच्या १२ आठवड्यांत दोन्ही गट सारखेच, साधारण २ किलो. आणि त्यात प्लासिबो नव्हताच! म्हणजे विश्वासाचा सगळा फायदा क्रिएटिनच्या बाजूने असूनही फरक आला नाही. विषय संपला.

---

मृण्मयी

रोहित, हा युक्तिवाद मला अर्धा पटतो. विश्वासाचा कल क्रिएटिनकडे असून फरक दिसला नाही, तर तो निकाल थोडा वजनदार होतो, हे मान्य. पण ज्यांना माहीत होतं की आपल्याला काहीच मिळत नाही, त्यांनी ती उणीव भरून काढायला जास्त जोर लावला नसेल कशावरून? बीडींच्या सायकलपटूंमध्ये माणूस खाली गेला, इथे ईर्ष्येने वरही जाऊ शकतो. प्लासिबो नसला की कल कुठल्या दिशेने आहे हे आपण गृहीत धरतो, पाहत नाही.

आणि यंत्र फसत नाही हे खरं, पण ते पाणीसुद्धा चरबीविरहित वजनातच धरतं. पहिल्या आठवड्यात व्यायाम न करता वाढलेला अर्धा किलो नवा स्नायू असणं अवघड आहे. इथे ब्लाइंडिंग कितीही चांगलं असतं तरी उपयोग नव्हता.

---

भास्कर_प्रशिक्षक

यंत्राबद्दल माझाही एक मुद्दा. DXA शेवटच्या दिवशी फसत नाही, पण त्याआधीच्या दोन महिन्यांचं काय? ज्याला वाटतं आपल्याला खरी पावडर मिळते आहे, तो रोज आठऐवजी दहा वेळा उचलतो, सुट्टी कमी घेतो, प्रथिनंही नीट खातो. दोन महिन्यांनी त्याचा स्नायू खरोखरच जास्त वाढलेला असणार, आणि यंत्र ते बरोबरच दाखवणार.

---

संख्याव्रती

भास्करसर, सगळ्यात अवघड गाठ हीच आहे. पहिला विचार येतो की प्रत्येकाने एकूण किती वजन किती वेळा उचललं त्याची रोजची नोंद ठेवावी आणि विश्लेषणात तेवढा फरक वजा करावा. पण क्रिएटिन काम करतं ते बहुतांशी त्याच वाटेने! स्नायूत फॉस्फोक्रिएटिन जास्त असल्याने थोड्या वेळात पुन्हा जोर लावता येतो, म्हणून दोन उचली जास्त होतात, म्हणून स्नायू वाढतो. विश्वासाचा रस्ता आणि क्रिएटिनचा रस्ता दोन्ही त्या जास्तीच्या दोन उचलींमधूनच जातात. तो फरक वजा केला तर क्रिएटिनचा खरा परिणामही पुसला जातो, नाही केला तर विश्वास आत राहतो.

दोन्ही गटांना ठरवून दिलेलं, अगदी समान काम करायला लावलं तर विश्वासाची वाट बंद होते, पण क्रिएटिनचीही होते. तशा ट्रायलमध्ये फरक कमी आला तर "क्रिएटिन चालत नाही" असा अर्थ काढणंही चूक.

---

वंदना_क

संख्याव्रती, डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी तीन आठवड्यांनी परत तपासायला सांगितलंय. एक विचारू का? मग या सगळ्यात विश्वास ठेवावा असा एखादा निकाल आहे की नाही?

---

मृण्मयी

वंदनाताई, स्नायूतलं क्रिएटिन वाढतं यावर मी निःशंक विश्वास ठेवते. थोड्या थोड्या वेळाने पुन्हा पूर्ण जोर लावायच्या कामात फायदा होतो, यावरही ठेवते, कारण तिथे कारण आणि परिणाम यांची साखळी पायरी-पायरीने दिसते. "ताकद ८ टक्क्यांनी जास्त वाढते" या आकड्यावर मात्र नाही. दिशा बरोबर असेल, पण आकारात विश्वासाचा किती भाग मिसळलाय हे त्या २२ अभ्यासांवरून काढता येत नाही.

मला एक रचना पाहायला आवडेल. १९९६ मध्ये हल्टमन यांनी दाखवलं होतं की रोज फक्त ३ ग्रॅम दिलं तरी २८ दिवसांत स्नायू जवळपास तेवढाच भरतो जेवढा २० ग्रॅमने सहा दिवसांत. लोडिंग नाही, म्हणून वजन हळू चढतं. चारच कॅप्सूल, म्हणून गाळ नाही. पोटाचा त्रासही कमी. महिनाभर फक्त भरू द्यायचं, वजनकाटा लपवायचा, महिन्याच्या शेवटी दोन्ही गटांना विचारायचं आणि मगच व्यायाम सुरू करायचा. सोबत काहीच न घेणारा तिसरा गट.

---

रोहित८७

कंपनी यासाठी पैसे देणार नाही. एक महिना जास्त, एक गट जास्त, आणि निकाल लहान यायची शक्यता. आणि तुमचा ८ टक्क्यांबद्दलचा संशय मान्य, पण माझं अजूनही मत आहे की त्यातला मोठा भाग मनाचा आहे.

---

संख्याव्रती

असू शकेल, नसूही शकेल. मृण्मयीताईंच्या रचनेत एक भर: तिसऱ्या गटाला आपण काहीच घेत नाही हे माहीत असणार, म्हणजे त्याला ब्लाइंड करता येणार नाही. त्यामुळे प्लासिबो गट आणि तिसरा गट यांच्यातला फरक म्हणजे विश्वासाचा फायदा अधिक निराशेचा तोटा, दोन्ही मिळून. ते दोन वेगळे करायला क्रिएटिन मिळालंय की नाही आणि मिळालंय असं सांगितलंय की नाही, असे चार गट लागतील. त्यातल्या दोन गटांना खोटं सांगावं लागेल, आणि दोन महिने खोटं सांगायला नीतिमत्ता समिती परवानगी देईल का हा वेगळा प्रश्न आहे. कुणी अशा समितीवर काम केलं असेल तर लिहा.